सात जण, सात फॉर्म

सोमवारी सकाळी साडेसहाला साहेबांचा मेल आला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, "कल्पनांची फेरी: नियम फक्त सहा, आणि सगळे प्रेमळ." प्रेमळ नियम म्हटल्यावर मी सावध झाले. सतरा वर्षं नोकरी केली, त्यात मला प्रेमळ नियम एकदाही भेटला नव्हता.

आमचं ऑफिस म्हणजे लिफ्टच्या मदतकक्षाची एक लांबट खोली. कुठल्याही इमारतीत लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबलं की फोन आमच्याकडे वाजतो. आम्ही त्याला धीर द्यायचा, दार ओढू नका म्हणून बजावायचं, तक्रार नोंदवायची आणि जवळचा मेकॅनिक पाठवायचा. आमच्या चमूत सात जण. सकाळी तिघं, दुपारी तिघं आणि एक जण सगळ्यांच्या सुट्ट्या भरून काढणारा. रात्रीचं काम दुसऱ्या ऑफिसकडे. सकाळचे तिघं म्हणजे मी, माझ्या डाव्या हाताला मास्तर, आणि उजवीकडे पटकन. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, अजूनही अडकलेल्या माणसाला उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला लावतात. पटकन सव्वीस वर्षांची. कोणतंही काम सांगा, तिचं उत्तर ठरलेलं: पटकन करते ताई.

साहेब, म्हणजे आमचे टीम लीड, आठ महिन्यांपूर्वी आले. त्यांना साहेब म्हटलेलं आवडत नाही, म्हणून मी आवर्जून म्हणते. त्यांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी एक हसरा चेहरा असतो. छत गळतंय, हसरा चेहरा. सुट्ट्या कापल्या, हसरा चेहरा.

मेल असा होता:

"मंडळी, आपल्या कामात काय सुधारता येईल ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणून ही फेरी. एक: प्रत्येकाने एकच कल्पना द्यायची, दहा ओळींच्या आत. दोन: स्वप्नं नकोत. जे तुम्ही स्वतः आधीपासून करता, निदान तीनदा केलंय, तेच लिहा, मग ते कामाच्या पुस्तकात असो वा नसो. तीन: फॉर्मवर नाव नाही, आणि कोणी काय लिहिलं ते मी शोधणार नाही. चार: दुसऱ्याची कल्पना वाचताना 'पण' हा शब्द बंद. पाच: इथे जे लिहाल त्याबद्दल लिहिणाऱ्यावर कसलीही कारवाई होणार नाही. हा नियम मी वरच्या ऑफिसकडून लेखी मंजूर करून घेतलाय. सहा: लिहायचं नसेल तर नका लिहू, कोणी रागावणार नाही. गुरुवारी बारापर्यंत पाठवा. शुक्रवारी दोनला, पाळी बदलताना, सगळ्या एकत्र वाचू." आणि खाली हसरा चेहरा.

मी मेल तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी दुसऱ्या नियमावर थांबले. 'जे तुम्ही आधीपासून करता, कामाच्या पुस्तकात असो वा नसो.' म्हणजे काय? म्हणजे आडवाटेने काय काय करता ते आपणहून लिहून द्या. चोराला चहा पाजून कबुलीजबाब घ्यावा तसला प्रकार. सहा वर्षांपूर्वीच्या लीडने भिंतीला सूचनापेटी लावली होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी चिठ्ठी टाकली, की दोन फॉर्मवर एकच माहिती भरावी लागते, एक फॉर्म बंद करावा. फॉर्म बंद झाला, आणि तो फॉर्म भरणाऱ्या म्हणून त्यांची खुर्चीही. पेटी अजून भिंतीवर आहे. तिच्यात आता पंख्याचा रिमोट ठेवतात.

आणि माझ्याकडे तर लपवण्यासारखं होतंच. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, स्वेटरच्या खाली, एक जाड निळी वही होती. तिच्यात दोनशेच्या वर इमारतींचे नंबर: वॉचमनचे, तळमजल्यावरच्या दुकानदारांचे, कुठे एखाद्या रिकामटेकड्या आजोबांचे. मेकॅनिकला पोचायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ अडकलेल्या माणसाला फोनवरचा आवाज पुरत नाही. मी पहिला फोन वॉचमनला लावायची: "दादा, लिफ्टच्या दाराशी जाऊन उभे राहा. हात लावू नका, नुसतं बोलत राहा." बाहेर माणूस आहे म्हटलं की आतल्याचा श्वास जागेवर येतो. सतरा वर्षांत मी एवढी एकच शहाणपणाची गोष्ट शिकले.

पण दीड वर्षापूर्वी नवीन नियम आला. ज्यांची परवानगी नोंदवलेली नाही अशांचे नंबर कोणीही स्वतःजवळ ठेवायचे नाहीत, सापडल्यास नोकरी जाईल. खाली आमच्या सह्या घेतल्या. माझी सही आहे, ठळक आणि वळणदार. सही करून मी जागेवर आले आणि वही स्वेटरखाली सरकवली. निवृत्तीला मला अजून अडीच वर्षं होती. नवऱ्याच्या गुडघ्यांनी त्याला घरी बसवल्यापासून घर माझ्या पगारावर चालत होतं. ती वही सापडली असती तर घराचं काय, हा विचार मी रोज खण उघडताना करत होते आणि रोज खण उघडत होते.

घरी जाऊन सासूबाईंना मेल वाचून दाखवला. त्यांचं वय ब्याऐंशी, पण संशयाच्या बाबतीत मी त्यांच्यापुढे अजून बालवर्गात आहे.

"हसतोय का शेवटी?" त्यांनी विचारलं.

"हसतोय."

"मग काही लिहू नकोस."

नवरा गुडघ्याला गरम पिशवी लावून बसला होता. तो म्हणाला, "अगं, असेल खरंच चांगला माणूस. असतात काही."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू याला शिकवण्यात आपलंच काहीतरी कमी पडलं. "सहावा नियम काय म्हणाला?" त्यांनी मला विचारलं.

"नाही लिहिलं तर रागावणार नाही."

"म्हणजे कोणी लिहिलं नाही ते मोजणार," सासूबाई म्हणाल्या, आणि मला ते पटलं.

मंगळवारी नाश्त्याच्या सुट्टीत पटकन खुर्ची सरकवत आली. "ताई, मी तुमच्या वहीचं लिहू का?" तिने हळू आवाजात विचारलं. वही तिला माहीत होती, एकदोनदा तिने ती वापरलीही होती. "किती लोकांना उपयोग होईल. नाव नाहीये ना फॉर्मवर."

मी कप खाली ठेवला. "वेडी आहेस का? सातातल्या कोणाची वही असेल ते सांगायला नाव लागतं का? दोनशे नंबर काय काल भरती झालेल्याने जमवले?"

"पण पाचवा नियम आहे की."

"पाचवा नियम मेलमध्ये आहे. माझी सही फाइलमध्ये आहे. वहीचा उल्लेखही करायचा नाही. कळलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं."

हे 'बरं' मला चांगलं ओळखीचं. मीच ते सतरा वर्षं सगळ्या लीडना म्हणत आलेय. त्याचा अर्थ असा, की तुमचं मला पटलेलं नाही, पण वाद घालण्याइतकी किंमतही मी तुम्हाला देत नाही. त्या दिवसापासून मी खण कुलूप लावून बंद करू लागले, आणि पटकन फॉर्म उघडून बसली की तिरप्या नजरेने बघू लागले. तिने दोनदा कॉम्प्युटरचा पडदा माझ्यापासून वळवून घेतला. मी मनात म्हटलं, घ्या, आपलीच माणसं.

बुधवारी मला युक्ती सुचली. न लिहिणाऱ्यांना मोजणार असतील तर लिहावं तर लागेल. मग असं काही लिहू या, की साहेबांचीच परीक्षा होईल.

आमच्याकडे प्रत्येक लिफ्टमधून दर तिसऱ्या दिवशी आपोआप एक चाचणी-कॉल येतो, लाइन चालू आहे ना बघायला. ज्या लिफ्टचा कॉल येत नाही तिचं नाव सकाळच्या यादीत पडतं. रोज तीसेक नावं असतात. बहुतेक ठिकाणी वीज गेलेली असते, एवढंच. तरीही प्रत्येक लिफ्टला आपण हाताने फोन लावायचा, आतला स्पीकर उचलतो का बघायचं, उचलला नाही तर मेकॅनिकची तक्रार नोंदवायची, आणि मगच 'पाहिलं' अशी खूण करायची. यादी सकाळच्या तिघांची मिळून. ज्याला दोन कॉलमध्ये उसंत मिळेल त्याने पुढची ओळ घ्यायची. खूण कोणी केली ते यादीवर दिसत नाही. त्यासाठी आतली नोंद उघडावी लागते. आणि गंमत अशी, की नोंद ज्याने उघडली त्याचं नाव नोंदीखाली उमटतं, आणि ते आम्हा सगळ्यांना नोंद न उघडताही दिसतं.

म्हणून मी लिहिलं: "सकाळच्या यादीतली लिफ्ट गेल्या महिन्यात नीट होती असं दिसलं, तर मी फोन लावत बसत नाही. सरळ 'पाहिलं' अशी खूण. तीन दिवसांनी ती आपोआप बरी होते. रोजची पाऊण तासाची बचत."

असलं पाप पृथ्वीतलावर कोणी करणार नाही याची मला खात्री होती. साहेब वाचणार, चिडणार, कोण ते शोधायला नोंदी उघडणार, आणि नोंदीखाली त्यांचं नाव उमटणार. झालं, तिसरा नियम उघडा पडला. नोंदीत तर सगळ्यांनी फोन लावलेले दिसणारच, तेव्हा कोणाचं काही बिघडायचं नाही. गुरुवारी बाराला दहा मिनिटं असताना मी फॉर्म पाठवला. इतकं हुशारीचं काम बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं, त्यामुळे घरी जाताना मी केळी घेतली.

शुक्रवारी सकाळी आल्याआल्या मी पाचसहा नोंदी न उघडता बघितल्या. खाली कोणाचंही नाव नव्हतं. मी म्हटलं, अजून वेळ आहे.

आठ वाजता साहेब स्वतः आमच्या टेबलांपाशी आले. हातात एक कागद होता आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. मेलवर इतकं हसणारा माणूस समोर असा दिसतो हे मला नवीन होतं.

"सात फॉर्म आले, सात जणांचे सात," ते म्हणाले. "बाकीचे दोनला वाचू. हा एक थांबू शकत नाही." आणि त्यांनी माझा फॉर्म मोठ्याने वाचला.

मी चेहरा जमेल तितका कोरा ठेवला. मास्तर म्हणाले, "हे अत्यंत चुकीचं आहे." पटकन हेडफोनची वायर सरळ करत राहिली.

"कोणी लिहिलंय ते मी शोधणार नाही," साहेब म्हणाले. "नोंदी उघडलेल्या नाहीत, उघडणार नाही. ज्याने लिहिलं त्याने हिंमत केली. पण आत्ता एक काम करायचं. गेल्या पंधरा दिवसांत ज्या ज्या लिफ्टवर 'पाहिलं' खूण आहे, त्या सगळ्यांना पुन्हा फोन लावायचा. मीही बसतो."

ते खरंच सुट्टीवाल्याच्या टेबलावर हेडफोन लावून बसले. आम्ही चौघांनी तीन तास फोन लावले. मी अगदी निवांत होते. सगळे स्पीकर उचलणार, हे मला माहीत होतं, कारण पाप मीच रचलेलं होतं. पहिले सोळा उचललेही गेले. सतराव्या लिफ्टमध्ये घंटा नुसती वाजत राहिली. मग मास्तरांना एक सापडली. मग साहेबांना दोन.

अकराला हिशेब झाला: नऊ लिफ्टच्या लाइनी मेलेल्या होत्या. एक अकरा दिवस. म्हणजे ती चार वेळा यादीत आली होती, आणि चारही वेळा कोणीतरी 'पाहिलं' म्हटलं होतं. अकरा दिवस त्या लिफ्टमध्ये कोणी अडकलं असतं, घंटा दाबली असती, तर ती कुठेच वाजली नसती. मी खोटं लिहिलं होतं, आणि ते खरं निघालं होतं.

साहेबांनी नऊही ठिकाणी मेकॅनिक पाठवले. आठ इमारतींना फोन करून, लिफ्ट रिकामी आहे हे बघून ती बंद करायला सांगितलं. नववीच्या, अकरा दिवसांच्या, इमारतीत कोणाशी संपर्कच होईना. तिथला आमच्याकडे नोंदलेला एकच नंबर, सोसायटीच्या ऑफिसचा, आणि तो शुक्रवारी बंद. मेकॅनिकला पोचायला पाऊण तास.

ती इमारत मला पाठ होती. सहावा मजला, दिवसाआड डायलिसिसला जाणाऱ्या बाई. वॉचमनचा नंबर वहीत, डाव्या पानावर, तिसरा. मी मिनिटभर खुर्चीत बसून राहिले. त्या एका मिनिटाची मला अजून लाज वाटते. मग खणाचं कुलूप काढलं, वही पदराखाली घेतली आणि जिन्यात गेले.

वॉचमनने पहिल्याच रिंगला उचलला. "दादा, लिफ्टमध्ये कोणी आहे का बघा. नाही? मग मुख्य स्विच बंद करा, खाली दारावर कागद लावा. हो, मीच. सहाव्या मजल्यावरच्या बाईंना वर जाऊन सांगून या." फोन ठेवला आणि पायरीवर बसले. मागे दार वाजलं. पटकन उभी होती.

"उचलला?" तिने विचारलं.

"उचलला. बंद केलीय लिफ्ट."

ती माझ्याखालच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, नाक पुसत. "ताई, कोणीतरी माझ्यावर पाळत ठेवून होतं. अगदी मी करते तस्संच लिहिलंय. गेल्या महिन्यात नीट होती का बघायचं आणि टिक करायचं. कोण असेल? मास्तर?"

मला आधी अर्थच लागेना. "तू करतेस?"

"सगळ्या नाही हो. ज्या नेहमी आपोआप बऱ्या होतात त्याच. निम्मी यादी माझ्याच अंगावर पडते. तुमच्या वाटच्या ओळी मीच घ्यायचे ना."

"माझ्या वाटच्या?"

"तुम्ही वॉचमनला फोन लावत बसायचात. तुमचा एकेक कॉल वीस मिनिटांचा. मी म्हटलं, ताई चांगलं काम करतायत, त्यांना कशाला अडकवायचं यादीत." तिने ओढणीने डोळे पुसले. "यादी दोनच्या आत संपवायची असायची. म्हणून मग पटकन करायचे."

मी दोन वर्षं समजत होते, की पोरीचा हात चलाख आहे. यादी संपलेली दिसायची, मला बरं वाटायचं, आणि मी पुढे विचारलं नाही. जगातल्या प्रत्येक मेलवर संशय घेणारी मी, तेवढी एक गोष्ट मात्र डोळे मिटून पास करत आले.

"मास्तर नाही," मी म्हणाले. "मी लिहिलं."

तिने मान वर केली. मी सगळं सांगितलं: सासूबाई, सहावा नियम, साहेबांची परीक्षा, नोंदीखालचं नाव. सांगताना माझं मलाच ते इतकं लंगडं वाटत होतं, की मध्येच थांबावंसं वाटलं. ती ऐकत राहिली. रडणं थांबलं होतं, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

इतक्यात साहेब दारात आले. आम्हाला बघून दचकले, पण पदराखालच्या वहीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "दोघींनाही सांगून ठेवतो, मास्तरांना सांगितलंय," ते म्हणाले. "वरच्या ऑफिसला नऊ लाइनींचं कळवावं लागलं. त्यांना संध्याकाळपर्यंत नाव हवंय, नाहीतर ते स्वतः नोंदी उघडणार. मी त्यांना पाचवा नियम दाखवला. तो लिहिणाऱ्याला लागू आहे. लिहिणारी व्यक्ती पुढे आली तर तिला हात लावता येणार नाही, त्यांची मंजुरी माझ्याकडे आहे. पण ते त्यांनी नोंदीतून शोधलं, तर मी काही करू शकत नाही." ते आत गेले.

मी उठले आणि माझ्या टेबलावरच्या पडद्याशी जाऊन पुन्हा एकदा नोंदी बघून आले. नोंदीखाली अजूनही कोणाचं नाव नव्हतं. सकाळपासून त्या माणसाला एक बटण दाबून सगळं कळलं असतं, आणि त्याने ते दाबलं नव्हतं. मला राग आला. चांगला माणूस समोर आला की आपल्यासारख्यांची फार पंचाईत होते.

जिन्यात परत येऊन मी पटकनला म्हटलं, "तो फॉर्म तू लिहिलास."

"मी?"

"नाव नाहीये त्याच्यावर. दोनला उठायचं आणि सांगायचं, मी लिहिलं. करत होते, चूक वाटली, म्हणून लिहून दिलं. पाचवा नियम तुला लागू."

तिने बोटांवर मोजलं. "मग माझा फॉर्म कोणाचा?" तिने विचारलं. "सात जणांचे सात, प्रत्येकी एक. साहेबांनी मोजलेत."

"तू काय लिहिलंस?"

तिने माझ्या पदराकडे बघितलं.

मला हसू आलं. मंगळवारचं ते 'बरं' मी बरोबर ओळखलं होतं. मी त्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावला होता. ही मला उघडी पाडणार, असं मी धरून चालले होते. तिला फक्त माझं कौतुक करायचं होतं.

"तुमच्या तोंडून लिहिलंय," ती पुटपुटली. "'मी आधी वॉचमनला फोन करते,' असं. म्हटलं, बक्षीस मिळालं तर तुम्हालाच मिळावं."

म्हणजे एकच वाट होती. तिला वाचवायचं तर तिने माझा फॉर्म घ्यायचा, आणि मी तिचा. तिच्यावरचं पाप तिचं होतंच, माझ्या खणातली वही माझी होतीच. आम्ही फक्त एकमेकींच्या हातांनी लिहिलं होतं. पण पाचवा नियम खोटा निघाला, तर संध्याकाळी दोघी घरी. अडीच वर्षं, नवऱ्याचे गुडघे, सासूबाई. त्या तर म्हणतील, सांगितलं होतं मी.

"साहेबांवर विश्वास ठेवायचा?" पटकनने विचारलं.

तिने हे मला विचारावं यात काही न्याय नव्हता. "ठेवू या," मी म्हणाले. शब्द तोंडात वेडेवाकडे लागले.

दोनला सगळे जमले. सुट्टीवाला फोनपाशी बसला, त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं. साहेबांनी फॉर्म एकेक करून वाचले. कोणीतरी अडकलेल्या मुलांना पाढे म्हणायला लावतं (आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं). कोणी मेकॅनिकला रस्त्याची खूण आधीच सांगतं. मग वहीचा फॉर्म आला. "बाहेर माणूस आहे म्हटलं की आतल्याचा श्वास जागेवर येतो," साहेबांनी वाचलं. माझंच वाक्य, जसंच्या तसं. पोरीने कधी ऐकून ठेवलं होतं कोण जाणे.

मी उभी राहिले. "हे माझं आहे," मी म्हणाले आणि वही साहेबांसमोर ठेवली. "दोनशे अकरा नंबर आहेत. परवानगी एकाचीही नाही. नियमावर माझी सही आहे."

साहेबांनी वही उघडली, दोन पानं चाळली. मग पटकन उठली. "आणि यादीचं मी लिहिलं," ती म्हणाली. आवाज फुटला, पण वाक्य पूर्ण केलं.

साहेबांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. काहीतरी त्यांच्या लक्षात आलं असावं. जिन्यात आम्हाला बघितलंच होतं त्यांनी. सगळ्यांसमोर पडदा आपल्याकडे वळवून त्यांनी वरच्या ऑफिसला मेल लिहिला: लिहिणारे पुढे आले, पाचवा नियम लागू, जबाबदारी माझी. खाली स्वतःचं नाव टाकलं. हसरा चेहरा टाकला नाही.

"यादी उद्यापासून फोनच्या पाळीतून वेगळी," ते म्हणाले. "एक जण फक्त यादी करणार, दुसरं काही नाही. आणि ताई, ही वही तुम्हाला परत मिळणार नाही." मी वहीकडे बघितलं. "म्हणजे हे दोनशे अकरा लोक. प्रत्येकाला फोन करून विचारा, नंबर नोंदवू का. हो म्हणेल त्याचा मशीनमध्ये घाला. नाही म्हणेल त्याचा खोडा. मग वही मी फाडणार."

सहा दिवस लागले. एकशे ब्याण्णव जण हो म्हणाले. वरच्या ऑफिसचं एक कडक पत्र आलं, साहेबांच्या नावाने. आमच्या नावाने काही आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "अजून येईल," आणि मी पहिल्यांदाच त्यांना उत्तर दिलं नाही.

शेवटचा नंबर मशीनमध्ये घातला त्या दुपारी पटकन बॅग भरत होती. तिची खुर्ची आता पलीकडे, यादीच्या टेबलापाशी गेली होती. जाताजाता ती माझ्याजवळ थांबली.

"ताई, एक विचारू? तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? माझं?"

"नव्हतं गं. शपथ."

"गेल्या महिन्यात नीट होती का बघायची, हेसुद्धा तुम्ही आपलं असंच लिहिलंत? डोक्यातून?"

"असंच."

तिने माझ्याकडे बघितलं. सोमवारी सकाळी साडेसहाला मी जशी तो मेल वाचत बसले होते, तशी, शेवटच्या ओळीपर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून.

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.